यझ्दच्या घरांतील गारवा : मातीची भिंत आणि बादगीर यांचा एकत्रित हिशेब

इराणच्या मध्यभागी, दोन वाळवंटांच्या मध्ये वसलेल्या यझ्द शहरात जुलै महिन्यात दुपारचे तापमान साधारण चाळीस अंशांवर जाते आणि पहाटे ते पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत उतरते. पाऊस वर्षाकाठी जेमतेम ५० ते ६० मिलिमीटर पडतो; आपल्याकडे कोकणात एखाद्या दिवशी यापेक्षा अधिक पाऊस होतो. अशा ठिकाणी वीज, पंखा, बर्फाचा कारखाना यांपैकी काहीही नसताना माणसे शतकानुशतके राहिली आणि घराच्या आतल्या दालनात दुपारी झोपूही शकली. पुण्या-मुंबईतील जुन्या इराणी हॉटेलांचे मालक ज्या खेड्यांतून आले, त्यांतील बरीच खेडी याच यझ्दच्या परिसरातील आहेत, त्यामुळे हे शहर आपल्याला वाटते तितके परके नाही.

यझ्दच्या घरांविषयी सांगताना बहुतेक जण छपरावर उभ्या असलेल्या उंच मनोऱ्यांपासून, म्हणजे बादगिरांपासून सुरुवात करतात. फारसीत बाद म्हणजे वारा आणि गीर म्हणजे पकडणारा. ते मनोरे सुंदर आहेत आणि छायाचित्रांत उठून दिसतात, हे खरे. परंतु केवळ त्यांच्याकडे पाहिले तर एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. बाहेरची हवा चाळीस अंशांची असेल, तर ती पकडून घरात आणल्याने घर गार कसे होईल? चाळीस अंशांचा वारा आत घेतला तर घरही चाळीस अंशांचेच होणार. या प्रश्नाचे उत्तर मनोऱ्यात नसून भिंतीत आहे, म्हणून आपणही भिंतीपासूनच सुरुवात करू.

यझ्दची जुनी घरे खेश्तने, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांनी बांधलेली आहेत. आपल्याकडे काही भागांत अशा विटांना भेंडे म्हणतात. त्यावर माती आणि गव्हाचे काड कालवून केलेला गिलावा असतो, त्याला तेथे काहगेल म्हणतात. मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील माळवदाच्या घरात जो राहिला आहे, त्याला या भिंतीची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. पांढऱ्या मातीची दोन-अडीच फुटांची भिंत, तिच्यात खोल गेलेले कोनाडे, आणि भर उन्हातून उंबरा ओलांडून आत आल्यावर डोळ्यांपुढे येणारा अंधार व अंगाला लागणारा गारवा, हे सारे दोन्हीकडे सारखेच आहे.

भिंतीवर ऊन पडते तेव्हा नेमके काय होते, ते पाहू. बाहेरचा पृष्ठभाग तापतो आणि ती उष्णता हळूहळू आत सरकू लागते. पण सूर्य चोवीस तास तळपत नाही. संध्याकाळ होते, पृष्ठभाग पुन्हा निवू लागतो आणि आत निघालेली उष्णता अर्ध्या वाटेवर असतानाच तिच्या मागून थंडी येऊ लागते. रोजचे हे तापणे आणि निवणे एखाद्या लाटेसारखे भिंतीतून आत शिरते. या लाटेच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात: आत जाताना ती विरत जाते, आणि तिला उशीर होत जातो.

मातीच्या भिंतीसाठी याचा ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्याजोगा सोपा आहे. दर दहा सेंटिमीटर जाडीमागे चढउतार मूळच्या सुमारे चाळीस टक्के उरतो आणि लाटेला साधारण साडेतीन तास उशीर होतो. समजा, पश्चिमेकडील भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग पहाटे पंचवीस अंशांवर असतो आणि दुपारी चार वाजता पंचावन्नवर जातो, म्हणजे चढउतार तीस अंशांचा आहे. दहा सेंटिमीटर आत तो बारा अंशांचा राहतो, वीस सेंटिमीटरवर पाचच्या आसपास, तीस सेंटिमीटरवर दोनच्या आसपास, आणि पन्नास सेंटिमीटरवर तो अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे हाताला जाणवणारही नाही इतका उरतो. वेळेचे गणितही तसेच आहे. भिंत दहा सेंटिमीटरची असेल तर दुपारी चारची उष्णता संध्याकाळी साडेसातला आतल्या बाजूस पोहोचते. तीस सेंटिमीटरची असेल तर रात्री अडीचला आणि चाळीसची असेल तर पहाटे सहाला.

हा हिशेब आपल्या घरातही पडताळून पाहता येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोलीत विटांची सहा इंची भिंत असेल, तर उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमारास तिच्या आतल्या बाजूस तळहात टेकवून पाहावा. भिंत कोमट लागते, कारण दुपारी चारचे ऊन पाच तासांचा प्रवास करून नेमके झोपायच्या वेळी आत आलेले असते. बाहेर तोवर वारा गार झालेला असतो आणि खोली मात्र तापत असते. जाड भिंतीच्या घरात हीच उष्णता मध्यरात्रीनंतर, आणि तीही जवळजवळ विरून आत पोहोचते, आणि तोपर्यंत घरातून गार हवा वाहत असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या विषयावरील लिखाणात ती बहुधा सुटते. जाड भिंत चढउतार मारते; सरासरी मारत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाचे दिवसरात्रीचे सरासरी तापमान अडतीस अंश असेल, तर भिंत कितीही जाड केली तरी, बंद घरात, आतली बाजू काही दिवसांत हळूहळू त्या अडतीसकडेच सरकणार. म्हणून जाड भिंतीचे घर खिडक्या-दारे लावून उन्हाळाभर बंद ठेवले, तर ते थंड राहत नाही. ते भट्टीसारखे तापत नाही एवढेच, पण त्याची ऊब दिवसाही जात नाही आणि रात्रीही जात नाही. भिंत स्वतः थंडावा निर्माण करत नाही. ती रात्रीची थंडी दिवसासाठी साठवून ठेवू शकते, पण त्यासाठी ती थंडी कोणीतरी तिच्यापर्यंत आणून द्यावी लागते.

सरासरी खाली आणण्याचे काम यझ्दमध्ये दोन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे भिंतीवर ऊनच पडू न देणे. घरे एकमेकांना भिंतीस भिंत लावून उभी असतात, गल्ल्या अरुंद असतात, आणि घराचे तोंड रस्त्याकडे नसून आतल्या अंगणाकडे असते. जून महिन्यात यझ्दमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे उभ्या भिंतींपेक्षा छपरालाच सर्वाधिक ऊन लागते, आणि म्हणून छप्पर मातीचे, जाड आणि पुष्कळदा घुमटाकार असते. उन्हाळ्यात राहण्याची दालने अंगणाच्या दक्षिण बाजूस, उत्तरेकडे तोंड करून बांधलेली असतात आणि हिवाळ्यातील खोल्या त्यांच्या समोर, दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड करून असतात. कुटुंब ऋतूप्रमाणे अंगणाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला राहायला जाते.

दुसरा प्रकार म्हणजे रात्री भिंतींतील उष्णता धुऊन काढणे. बादगिराचे पहिले आणि माझ्या मते सर्वांत मोठे काम हेच आहे. हे काम किती मोठे आहे, ते एका दालनाचे उदाहरण घेऊन पाहू. दालन सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि चार मीटर उंच आहे, असे धरू. दारे-खिडक्या वजा केल्यास भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे शंभर चौरस मीटर मातीचा पृष्ठभाग आतील हवेच्या संपर्कात येतो. रोजच्या देवाणघेवाणीत या मातीचा आतील बाजूचा फक्त दहा सेंटिमीटरचा थर भाग घेतो, असे मानले तरी ती दहा घनमीटर, म्हणजे जवळपास सतरा टन माती होते. एवढी माती एका रात्रीत तीन अंशांनी निववायची असेल, तर तिच्यातून सुमारे तेरा युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. आपल्या दीड टनी एसीला एवढी उष्णता काढायला अडीच तास अखंड चालावे लागेल.

हवेने हे काम करायचे तर किती हवा लागेल? रात्रीची हवा दालनात शिरते, भिंतींवरून वाहते, चार अंशांनी तापते आणि बाहेर जाते, असे समजू. हवा फार हलकी असल्यामुळे एक घनमीटर हवा चार अंशांनी तापून फारच थोडी उष्णता नेते. त्यामुळे आठ तासांच्या रात्रीत जवळजवळ साडेअकरा हजार घनमीटर हवा त्या दालनातून जावी लागते. म्हणजे दालनातील सगळी हवा तासाला पंधरा वेळा पूर्ण बदलली पाहिजे. चहूबाजूंनी दुसरी घरे आणि मध्ये बंदिस्त अंगण असलेल्या घरात एक खिडकी उघडून एवढी हवा येत नाही. वारा वरून, छपरापलीकडून आणावा लागतो. बादगिराच्या खालच्या तोंडाचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर असेल आणि त्यातून हवा सेकंदाला एक मीटरहून थोड्या कमी वेगाने, म्हणजे अंगाला झुळूक जाणवेल इतक्याच गतीने वाहत असेल, तर हा हिशेब बरोबर जुळतो. सतरा टन माती निववण्यासाठी वादळाची गरज नाही, रात्रभर न थांबणारी झुळूक पुरते.

आता मनोऱ्याकडे वळू. बाहेरून पाहिल्यास बादगीर म्हणजे छपरावर उभारलेला विटांचा चौकोनी खांब, ज्याच्या वरच्या भागात उभ्या अरुंद फटी आहेत. आतून तो पोकळ असतो, पण रिकामा नसतो. विटांच्या पातळ उभ्या पडद्यांनी त्याची पोकळी कप्प्यांत विभागलेली असते, आणि प्रत्येक कप्पा वरच्या एकेका दिशेच्या फटींपासून थेट खाली दालनापर्यंत उतरतो. हे पडदे नसते तर उत्तरेच्या फटींतून शिरलेला वारा समोरच्या दक्षिणेच्या फटींतून सरळ निघून गेला असता आणि खाली काहीच पोहोचले नसते. पडद्यांमुळे वाऱ्याला खाली वळावेच लागते. शिवाय पडद्यांची माती हीदेखील रात्री निवणारी आणि दिवसा हवेतील थोडी उष्णता शोषणारी भिंतच असते.

वारा ज्या बाजूवर आदळतो तेथे हवेचा दाब थोडा वाढतो, आणि मनोऱ्याच्या पाठीमागे तो थोडा कमी होतो. त्यामुळे वाऱ्याकडील कप्प्यातून हवा खाली येते आणि पाठीमागच्या कप्प्यातून दालनातील हवा वर ओढली जाते. एकच मनोरा एकाच वेळी आत घेतो आणि बाहेरही टाकतो, आणि या ओढण्याचे महत्त्व ढकलण्याइतकेच आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला चार मीटर असेल तर दोन बाजूंमधील दाबाचा फरक सुमारे आठ पास्कल भरतो. हा फरक अगदी किरकोळ आहे, पण रुंद आणि मोकळ्या मार्गातून एवढ्याने भरपूर हवा वाहते.

वारा पूर्ण पडला तरी काम थांबत नाही. रात्री भिंतींच्या सहवासाने तापलेली हवा हलकी होऊन मनोऱ्यातून वर जाते, जशी चुलीवरच्या धुराड्यातून जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी अंगणातील गार हवा दारांतून आत येते. दहा मीटर उंचीचा मार्ग आणि आतबाहेरच्या हवेत दहा अंशांचा फरक असेल, तर यातून तीन पास्कलचा दाब मिळतो; तो सेकंदाला अडीच मीटरच्या वाऱ्याइतका आहे. सकाळी उलट घडते. रात्रभर निवलेल्या मनोऱ्याच्या भिंतींमुळे आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार आणि जड असते, आणि वारा नसला तर ती आपोआप खाली उतरते. मनोऱ्याची माती तापेपर्यंत, म्हणजे काही तास, हे चालते. या मनोऱ्यांचा अभियांत्रिकीच्या दृष्टीने अभ्यास करणारे इराणी संशोधक मेहदी बहादोरी यांनी १९७० च्या दशकात दिवस आणि रात्र यांचा हा उलटसुलट प्रवाह तपशिलाने मांडला.

मनोऱ्याला किती तोंडे असावीत, हे त्या गावच्या वाऱ्यावर ठरते. यझ्दच्या उत्तरेस असलेल्या अर्दकान गावात बादगीर बहुतांशी एकाच बाजूने उघडे असतात आणि त्यांची पाठ बंद असते. तेथे चांगला वारा एका ठराविक दिशेने येतो आणि वाळवंटाकडून येणारा वारा धूळ आणतो, म्हणून त्या दिशेला भिंतच उभी केलेली बरी. यझ्द शहरात वारा दिशा बदलतो, म्हणून तेथील मनोरे बहुधा चारही बाजूंनी उघडे असतात. उंचीच्या बाबतीतही छायाचित्रांमुळे गैरसमज होतो. सामान्य घरांचे बादगीर छपराच्या कठड्यापासून जेमतेम काही मीटर वर येतात. आजूबाजूच्या घरांचा अडसर ओलांडला आणि जमिनीलगतची धूळ टाळली, की पुष्कळ झाले. त्यापुढील प्रत्येक मीटरसाठी जास्त विटा लागतात आणि भूकंपाचा धोकाही वाढतो. मनोऱ्यातून बाहेर डोकावणारे लाकडी वासे अनेकांना सजावट वाटतात. खरे तर ते विटांचे काम एकमेकांशी बांधून ठेवतात, आणि डागडुजीच्या वेळी गवंडी त्यांच्यावरच पाय देऊन वर चढतो.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घेऊ. भर दुपारी, बाहेर चाळीस अंश असताना, बादगीर उघडा ठेवावा काय? कोरडाच असेल तर त्याचा उपयोग मर्यादित आहे. रात्री सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत निववलेल्या भिंतींवर चाळीस अंशांची हवा तासाला पंधरा वेळा फिरवली, तर रात्रभर साठवलेली थंडी दुपारीच संपून जाईल. म्हणून मनोऱ्याच्या तळाशी दारे किंवा झडपा असतात, आणि घरातील जाणती माणसे वाऱ्याचा रंग पाहून त्या लावतात वा उघडतात. हे घर आपोआप चालत नाही. ते चालवावे लागते. दुपारी बादगीर उघडा ठेवायचा असेल, तर आत येणाऱ्या हवेला आधी कोठेतरी गार करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी यझ्दच्या लोकांकडे पाणी आणि जमीन अशा दोन गोष्टी होत्या.

पाणी वाफ होताना भोवतालच्या हवेतून उष्णता घेते. एक लिटर पाणी पूर्ण वाफ झाले तर सुमारे दोनशे चाळीस घनमीटर हवा दहा अंशांनी गार होते, म्हणजे आपण वर घेतलेल्या दालनासारखी अडीच दालने. म्हणून बादगिराच्या थेट खाली हौज बांधतात. त्याला फारसीतही हौजच म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडे तसाच आला आहे. यझ्दमध्ये उन्हाळ्यातील दुपारची हवा इतकी कोरडी असते, की चाळीस अंशांची हवा पाण्यामुळे तत्त्वतः वीस अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात हौजावरून नुसती वाहणारी हवा त्या मर्यादेपर्यंत कधीच पोहोचत नाही, पण त्यातील काही अंश जरी मिळाले तरी चाळीसच्या दुपारी तो फरक फार मोठा असतो.

हीच युक्ती मुंबईत का चालत नाही, तेही यातून कळते. मे महिन्यात मुंबईची हवा चौतीस अंशांची आणि सत्तर टक्के आर्द्रतेची असेल, तर पाण्याने ती फार तर पाचेक अंशांनी उतरेल, आणि उतरल्यावर ती इतकी दमट असेल की अंगावरचा घाम वाळणारच नाही. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे वाळ्याचे तट्टे आणि कूलर चालतात आणि मुंबई-रत्नागिरीत चालत नाहीत, याचे कारण हेच आहे. जाड भिंतींचीही गोष्ट अशीच आहे. मुंबईत दिवसा चौतीस आणि रात्री अठ्ठावीस अंश असतील, तर साठवायला रात्रीची थंडीच नसते. कोकणातील घर म्हणूनच उतरत्या छपराचे, पडव्यांचे आणि आरपार वाऱ्याचे असते. यझ्दची भिंत आणून कोकणात उभी केली, तर ती केवळ ओल धरील.

दुसरी गोष्ट जमीन. येथे भिंतीचे तेच गणित पुन्हा उपयोगी पडते, फक्त दिवसाऐवजी वर्ष घ्यायचे. उन्हाळा आणि हिवाळा हीदेखील एक लाटच आहे, पण ती फार संथ असल्यामुळे जमिनीत पुष्कळ खोल जाते. भिंतीत जे काम दहा सेंटिमीटर करतात, ते जमिनीत वर्षाच्या लाटेसाठी सुमारे दोन मीटर करतात. चार मीटर खोलीवर उन्हाळ्या-हिवाळ्यातील फरक मूळच्या सातव्या हिश्श्याइतका उरतो आणि लाट जवळजवळ चार महिने मागे पडते. म्हणजे जुलैमध्ये तेथील मातीत अजून मार्च चालू असतो. यझ्दच्या घरांखालील तळघर, ज्याला सरदाब म्हणतात, ते याच कारणासाठी खणलेले असते, आणि दुपारच्या सर्वांत कठीण तासांत कुटुंब तेथे जाऊन बसते. काही घरांत बादगिराचा कप्पा थेट सरदाबात उतरतो. काही ठिकाणी सरदाबाखालून कनात, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून आणलेला पाण्याचा बोगदा जातो. अशा घरात बादगिराने दालनातील हवा वर ओढली, की तिची जागा घेण्यासाठी बोगद्यातील गार, ओलसर हवा पायऱ्यांच्या वाटेने वर येते. येथे मनोरा वारा पकडण्याचे काम करतच नाही. तो फक्त ओढतो, आणि थंडावा जमिनीखालून येतो.

या सर्व गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर यझ्दमधील दौलताबाद बाग पाहावी. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथील सुभेदार मोहम्मद तकी खान याने कनातीचे पाणी आणून ही बाग वसवली. तिच्यातील आठ बाजूंचा बादगीर सुमारे तेहतीस मीटर उंच आहे, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीइतका, आणि हयात असलेल्या बादगिरांमध्ये तो सर्वांत उंच मानला जातो. विसाव्या शतकात तो कोसळला होता आणि नंतर पुन्हा बांधला गेला. त्याच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, तर आठ कप्पे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्याशी येऊन मिळालेले दिसतात आणि त्यांच्या टोकाला उजेडाच्या चिरा दिसतात. खाली छोटा हौज आहे, आणि त्यावरून आलेली हवा बाजूच्या दालनांत जाते. उदबत्ती हातात धरून त्या आठ कप्प्यांखालून एक फेरी मारली, तर काही कप्प्यांखाली धूर खाली दबतो आणि समोरच्या कप्प्यांखाली तो सरळ वर ओढला जातो. वारा कोणत्या दिशेचा आहे, हे बाहेर न जाता सांगता येते. कोणताही जुना बादगीर चालतो की नाही, हे तपासण्याची हीच सर्वांत सोपी रीत आहे. सगळ्याच कप्प्यांखाली धूर नुसता घुटमळत असेल, तर वरच्या फटी बुजवल्या आहेत, मधले पडदे ढासळले आहेत, किंवा शेजारी नवी उंच इमारत उभी राहिली आहे, यांपैकी काहीतरी झालेले असते.

बिघाड बहुधा अशाच साध्या कारणांनी होतो. कबुतरे आणि धूळ नको म्हणून फटींवर बारीक जाळी लावली, की आठ पास्कलच्या दाबाला तेवढाही अडथळा जड जातो. काहगेलचा गिलावा दर काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो. तो कंटाळून कोणी त्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिला, तर मातीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती आत साचते आणि भिंत पायापासून भुसभुशीत होऊ लागते. गिलावा वरून ठणठणीत दिसत असतो, पण बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर आतली माती सुटली आहे असे समजावे. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या डागडुजीतही हीच चूक होते, आणि पाच-सहा वर्षांनी सिमेंटच्या पापुद्र्याबरोबर विटांचा चुरा हातात येतो तेव्हा ती लक्षात येते.

याहून मोठा बिघाड घराच्या वापरात झालेला आहे. जुने कुटुंब दुपारी सरदाबात, संध्याकाळी पाणी शिंपडलेल्या अंगणात आणि रात्री गच्चीवर, निरभ्र आकाशाखाली झोपत असे. रात्री आतली दालने रिकामी आणि सताड उघडी असत, म्हणून भिंती निवत. आता माणसे रात्री आतच झोपतात, धुळीच्या आणि चोरांच्या भीतीने दारे लावतात, आणि भिंतींतील उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. मग दोन फुटांच्या भिंतीचे घरही सकाळी कोंदट लागते आणि जुने घर काही कामाचे नाही, असे म्हणून कूलर बसवला जातो. पुष्कळदा तो बादगिराच्या तळाशीच बसवतात, कारण हवा खाली आणणारी वाट तेथे आयतीच मिळते. बादगिराने रात्री भिंतींवरून जी हवा फिरवायची, ती मात्र फिरत नाही.

भिंतीच्या जाडीबद्दल एक शेवटची गोष्ट. रोजच्या उष्णतेसाठी चाळीस-पन्नास सेंटिमीटर माती पुरते, हे वरच्या हिशेबात आलेच आहे. यझ्दमध्ये कित्येक भिंती त्याच्या दुप्पट जाड आहेत, आणि तो जास्तीचा भाग उन्हासाठी नाही. कच्च्या विटांचा घुमट बाहेरच्या बाजूस रेटा देतो, तो पेलण्यासाठी आहे. दगडाच्या भिंतीला मात्र उष्णतेसाठीसुद्धा अधिक जाडी लागते, कारण काळ्या पाषाणातून रोजची लाट मातीपेक्षा जवळपास दीडपट खोल जाते. दीड फूट मातीने जे साधते, त्यासाठी आपल्या घडीव दगडाची सव्वादोन फुटांची भिंत लागते.